बिलावरचं युनिट म्हणजे नेमकं काय आणि एकूण रक्कम कशी तपासायची?

प्रश्न : 'घरात दोघंच, एसी नाही, तरी बिलावर २४० युनिट. हे युनिट नक्की काय मोजतं? आणि बिलाची एकूण रक्कम बरोबर आहे हे मला घरी तपासता येईल का?'

एक युनिट म्हणजे १००० वॉटचं उपकरण तासभर चालल्यावर खर्च होणारी वीज. मीटरवर याच मापाला kWh असं लिहिलेलं असतं. वॉट आणि तास यांचा गुणाकार करून १००० ने भागलं की युनिट मिळतात. २००० वॉटचा गीझर अर्ध्या तासात एक युनिट खातो, तर ७५ वॉटच्या पंख्याला तेवढंच खायला तेरा तास वीस मिनिटं लागतात. गीझर आणि फ्रिज मात्र मधूनमधून आपोआप बंद होतात, म्हणून प्लेटवरचे वॉट गुणिले चोवीस तास असा हिशेब केला तर आकडा भलताच फुगतो. फ्रिजच्या स्टार लेबलवर वर्षाला किती युनिट लागतात ते छापलेलं असतं, त्याला १२ ने भागा.

तपासणीची सुरुवात रुपयांपासून करू नका, मीटरपासून करा. मीटरच्या पडद्यावर आकडे आळीपाळीने येतात. व्होल्ट, अँपिअर, kW आणि kVAh हे आपल्या कामाचे नाहीत. ज्याच्या शेजारी kWh दिसतं तोच आकडा टिपायचा. बिलावरच्या 'चालू रीडिंग'पेक्षा तो थोडा जास्त असणारच, कारण रीडिंग घेतल्यानंतरही वीज वापरलीच आहे. तो कमी निघाला तर बिलच चुकीचं आहे. मग चालू रीडिंगमधून मागील रीडिंग वजा करा. या वजाबाकीला ज्या आकड्याने गुणायचं तो गुणक अवयव घरगुती मीटरला बहुधा १ असतो, म्हणजे वजाबाकी हेच तुमचे युनिट.

आता मेन स्विच बंद करून मीटरवरचा लाल दिवा पाहा. त्याचं लुकलुकणं थांबायला हवं. थांबलं नाही, तर स्विचच्या आधी कुणाची तरी वायर जोडलेली असू शकते. इलेक्ट्रिशियनला दाखवा, स्वतः उघडू नका. याच दिव्याने भारही मोजता येतो. मीटरवर 3200 imp/kWh लिहिलं असेल तर ३२०० लुकलुकी म्हणजे एक युनिट. दहा लुकलुकींना साडेबावीस सेकंद लागले, तर त्या क्षणी घरात ५०० वॉट चालू आहेत. एकेक उपकरण बंद करत हे पाहिलं की कोण किती खातंय ते लगेच दिसतं.

रकमेसाठी तुमचे २४० युनिटच घेऊ. खालचे दर हिशेबापुरते गोल धरले आहेत, तुम्ही तुमच्या बिलावरचे घ्या. पहिल्या १०० युनिटना ५ रुपये आणि १०१ ते ३०० ला ११ रुपये धरू. शंभरी ओलांडली की सगळेच युनिट वरच्या दराने लागतात अशी समजूत मी अनेकदा ऐकली आहे. महाराष्ट्रातल्या घरगुती बिलात तसं होत नाही. १०० युनिटचे ५०० आणि उरलेल्या १४० चे १५४०, म्हणजे वीज आकार २०४०. वहन आकार दीड रुपयाने ३६०, स्थिर आकार १३०, इंधन समायोजन ४०. बेरीज २५७०. यावर १६ टक्के वीज शुल्क ४११.२०, एकूण २९८१.२०. पूर्णांक देयक म्हणून २९८० छापलेलं दिसेल. फरक यापेक्षा मोठा असेल तर थकबाकी आणि व्याजाच्या ओळी पाहा; बहुतेकदा तो तिथेच सापडतो.

खरी गफलत होते ती रीडिंग चुकल्यावर. एका महिन्यात सरासरीने बिल आलं आणि पुढच्या महिन्यात दोन महिन्यांचे मिळून ४०० युनिट लागले असं समजा. हे एकाच महिन्याचे धरले तर १०० चे ५००, २०० चे २२००, आणि तिसऱ्या टप्प्यातल्या १०० चे (दर १५ धरून) १५००, म्हणजे ४२००. तेच महिन्याला २०० असे वाटले तर प्रत्येक महिन्याचे १६००, दोन्हींचे ३२००. फरक १००० रुपयांचा, वर त्यावरचं शुल्क १६०. नियमाने हे युनिट महिन्यांत वाटूनच टप्पे लावले पाहिजेत आणि आधी भरलेलं सरासरी बिल वजा झालं पाहिजे. तुमच्या बिलावर मागच्या बारा महिन्यांचा वापर छापलेला असतो. त्यात एक महिना कमी आणि लगेच पुढचा खूप जास्त दिसला, तर आधी हाच हिशेब मांडा आणि तक्रार करताना तो कागद अर्जाला जोडा. मीटरचा kWh दिसणारा, तारखेचा फोटोही सोबत द्या.