फ्लॅटच्या दारासाठी कुलूप निवडताना आधी सिलिंडर मोजा

प्रश्न: फ्लॅटच्या मुख्य दाराला हँडलखाली सिलिंडरवालं लॉक आहे, ते बदलायचंय. दुकानदार प्रत्येक वेळी वेगळी कंपनी सुचवतो. नेमकं काय बघून घ्यावं?

दारात पोकळी करून आत बसवलेली लॉकची पेटी ठीक चालत असेल, तर ती राहू द्या. बदलायचा तो किल्ली जिथे घालता तो सिलिंडर. घरफोडी करणारा बहुधा सिलिंडरमधल्या पिना उचलून लॉक उघडत बसत नाही, सिलिंडर पकडून तोडतो. सिलिंडरच्या मधोमध स्क्रूचं भोक असतं आणि बोल्ट सरकवणारी जीभही तिथेच फिरते, त्यामुळे तिथला धातू सगळ्यात पातळ. बाहेर आलेलं टोक पकडीत धरून वाकवलं की सिलिंडर तिथेच तुटतो, आणि मग जीभ फिरवायला किल्ली लागत नाही.

म्हणून कंपनीच्याही आधी लांबी. दाराच्या कडेला दिसणाऱ्या स्क्रूच्या मध्यापासून दोन्ही बाजूंना, हँडलच्या प्लेटच्या जाडीसह, वेगवेगळं मोजा. समजा दार 44 मिमी जाड आहे आणि पेटी बरोबर मध्ये आहे, म्हणजे प्रत्येक बाजूला 22. बाहेरची प्लेट 13 मिमी, आतली 8. मग बाहेर 35 आणि आत 30 असा सिलिंडर हवा. तोच 40/30 घेतलात तर बाहेर 5 मिमी टोक राहील, आणि पकडीला तेवढं पुरतं. 3 मिमीपेक्षा जास्त बाहेर नको. प्लेटशी सपाट बसला तर उत्तम. (सांगताना ‘एकूण 65’ म्हणू नका, बाहेरचा आकडा आधी सांगा.)

आता कंपनी. नामवंत कंपनीही साधी आणि भारी अशा दोन्ही मालिका विकते, त्यामुळे नावापेक्षा मॉडेल बघा. ‘अनब्रेकेबल’, ‘अल्ट्रा’ या शब्दांना अर्थ नाही. ‘EN 1303’ हे मानक किल्लीची सुरक्षितता आणि ड्रिलसारख्या हल्ल्याला होणारा विरोध सांगतं, पण तोडण्याची चाचणी त्यात नाही. ती ब्रिटिश ‘TS 007’ मध्ये आहे. सिलिंडरवर तीन तारे असतील तर तो त्यात उतरला आहे. किल्लीची नक्कल सिलिंडरसोबत मिळालेलं कार्ड दाखवल्याशिवाय होत नाही, अशी मालिका मिळाली तर तीच घ्या.

आतल्या बाजूला किल्लीऐवजी फिरवायची मूठ असलेला सिलिंडर घ्यावा असं माझं मत. आग लागल्यावर धुरात किल्ली शोधत बसावं लागत नाही. फक्त दारात काच किंवा जाळी असेल आणि तिथून हात आत जात असेल, तर मूठ नको.

बसवणं सोपं आहे. कडेचा स्क्रू काढा, किल्ली थोडी फिरवा म्हणजे जीभ सिलिंडरच्या रेषेत येते, आणि सिलिंडर ओढून घ्या. नवा घालताना स्क्रू करकचून आवळू नका, किल्ली जड फिरायला लागते.

शेवटी बोल्ट ज्यात शिरतो ती चौकटीतली पट्टी बघा. ती अर्ध्या इंचाच्या स्क्रूंवर असेल तर एका लाथेत लाकडासकट निघते. तिथे 70 मिमीच्या आसपासचे स्क्रू, चौकट ओलांडून भिंतीत प्लगसह जातील असे हवेत.