इलेक्ट्रॉनला फोटॉनपेक्षा जास्त ऊर्जा कशी काय मिळाली?

प्रश्न: 71.1 पिकोमीटरचा क्ष-किरण फोटॉन मुक्त इलेक्ट्रॉनवर आपटून 90 अंशांत वळला. तरंगलांबीतला बदल 2.43 पिकोमीटर आला, पण इलेक्ट्रॉनची ऊर्जा 5 लाख इलेक्ट्रॉनव्होल्टच्या वर येतेय. कुठे चुकतंय?

उत्तर: तरंगलांबीतला बदल बरोबर काढला आहेस. चूक पुढच्या पायरीत आहे. ऊर्जेसाठी तू hc/Δλ केलं असणार. मी बी.एस्सी.च्या वह्या तपासते, तिथे ही चूक दरवर्षी सापडते. ऊर्जा तरंगलांबीच्या व्यस्त प्रमाणात असते, त्यामुळे दोन तरंगलांब्यांची वजाबाकी करून तिची ऊर्जा काढता येत नाही. आधी दोन्ही फोटॉनांच्या ऊर्जा वेगवेगळ्या काढायच्या आणि मग वजाबाकी करायची.

बदलाचं सूत्र असं:

Δλ = (h/mc)(1 − cos θ)

h/mc म्हणजे 2.43 पिकोमीटर. 90 अंशांना cos θ शून्य, म्हणून बदलही तेवढाच. नवी तरंगलांबी 73.53 पिकोमीटर झाली. आता hc = 1240 इलेक्ट्रॉनव्होल्ट-नॅनोमीटर घेऊन भागाकार कर. आलेला फोटॉन 17,440 इलेक्ट्रॉनव्होल्टचा, गेलेला 16,864 चा. उरलेले साधारण 576 इलेक्ट्रॉनव्होल्ट इलेक्ट्रॉनला मिळाले, म्हणजे जेमतेम 3.3 टक्के.

इथे एक सांभाळ. दोन्ही ऊर्जा तीनच अंकांत लिहिल्यास, 17,400 वजा 16,900, उत्तर 500 येतं. जवळजवळ सारख्या दोन मोठ्या आकड्यांची वजाबाकी केली की अचूकता अशी हातची जाते. म्हणून मी वजाबाकी टाळून हे वापरते:

K = E · Δλ/(λ + Δλ)

17,440 × 2.43 ÷ 73.53 केलंस की तेच 576 मिळतात.

आणि तुझे ते 5 लाख कुठून आले? 90 अंशांना Δλ = h/mc असतं, मग hc/Δλ म्हणजे mc², इलेक्ट्रॉनची स्थिर ऊर्जा, 5,11,000 इलेक्ट्रॉनव्होल्ट. फोटॉनची ऊर्जा त्यात कुठेच येत नाही! तुझ्या उत्तरात हा आकडा दिसला की चूक इथेच झाली, हे लगेच ओळखता येईल.

तुझ्या गणितातली तरंगलांबी मॉलिब्डेनमच्या क्ष-किरणांची आहे. कॉम्प्टनने 1923 मध्ये हेच किरण ग्रॅफाइटवर सोडले होते. कार्बनचे बाहेरचे इलेक्ट्रॉन काही इलेक्ट्रॉनव्होल्टनेच बांधलेले असतात, म्हणून 576 पुढे त्यांना मुक्त म्हणणं चालतं. आतल्या कवचातले मात्र सुमारे 284 ने बांधलेले, तिथे हे गृहीतक डळमळतं. धक्क्याने इलेक्ट्रॉन सुटला नाही, तर संवेग अख्खा अणू घेतो. तेव्हा सूत्रातल्या m च्या जागी अणूचं वस्तुमान येतं, इलेक्ट्रॉनच्या जवळपास 22,000 पट, आणि बदल मोजता येणार नाही इतका लहान होतो. म्हणून कॉम्प्टनच्या आलेखात सरकलेल्या शिखराशेजारी 71.1 वरचं मूळ शिखरही दिसतं.