पॉलिसी ९ पानांची, कलम २७व्या पानावरचं

प्रश्न : मार्च २०२४ मध्ये बँकेतल्या मॅडमच्या सांगण्यावरून एक गॅरंटीड योजना घेतली. वर्षाला १,२०,००० रुपये, पाच वर्षं भरायचे आणि सातव्या वर्षी दुप्पट मिळणार. दोन हप्ते भरलेत, तिसरा येत्या मार्चमध्ये आहे. पॉलिसीच्या पान २७, कलम ४(ब) प्रमाणे एक वर्षाचा हप्ता भरला असला तरी विशेष सरेंडर मूल्य मिळतं आणि पान ३१ वरच्या तक्त्यात ९० टक्के दिलेत. म्हणजे मला २ लाख १६ हजार मिळतील. ते काढून १८ टक्के देणाऱ्या म्युच्युअल फंडात टाकू का? मुलगी ११ वर्षांची आहे, कॉलेजचा खर्च २०३२ पासून. पॉलिसी सोबत जोडली आहे. (एक वाचक, नाशिक)

उत्तर : तुम्ही जोडलेली फाइल नवव्या पानाला संपते. त्यात पान २७ नाही, पान ३१ नाही आणि कलम ४(ब)ही नाही. दुसऱ्या पानावर भाग ए ते भाग जी अशी अनुक्रमणिका आहे, ती ३८ पानांपर्यंत जाते. तुमच्याकडे त्यातला फक्त भाग ए आहे, म्हणजे पत्र, शेड्यूल आणि लाभांचा तक्ता. सरेंडर, पेड-अप, कर्ज, बंद पडलेली पॉलिसी पुन्हा चालू करणं, हे सगळं भाग डीमध्ये असतं आणि तोच तुमच्याकडे नाही.

मग तुम्ही कलम कुठून आणलंत? मला वाटतं, कंपनीच्या संकेतस्थळावरच्या नमुना पॉलिसीतून. योजनेचं नाव तेच आहे, पण आवृत्ती वेगळी. एका वर्षाच्या हप्त्यानंतर विशेष सरेंडर मूल्य देण्याचा नियम १ ऑक्टोबर २०२४ पासून विकल्या गेलेल्या योजनांना लागू झाला. तुमची पॉलिसी त्याआधीची. तुमच्या शेड्यूलवर यूआयएन हा योजनेचा ओळख क्रमांक आहे आणि त्याच्या शेवटी V01 छापलंय. नमुन्यावर बहुधा V02 असेल. शेवटचे हे दोन आकडे जुळले नाहीत, तर त्या नमुन्यातलं एकही कलम तुमच्या कामाचं नाही.

९० टक्क्यांचं म्हणाल, तर अशा तक्त्यात तो आकडा अगदी खालच्या ओळीत असतो, मुदतीच्या शेवटच्या दोन वर्षांसाठी. दोन वर्षांचे हप्ते भरलेल्याला हमीचं सरेंडर मूल्य ३० टक्के. २ लाख ४० हजारांचे ७२ हजार. कंपनीचं विशेष मूल्य याहून जास्त निघू शकतं, पण ते तिच्याकडून लेखी मागवायचं असतं, अंदाजाने धरायचं नसतं.

आता तुम्ही न विचारलेली गोष्ट. नसलेली पानं तुम्ही तोंडपाठ केलीत आणि असलेली नऊ वाचली नाहीत. पान ३ वर लिहिलंय : हप्ते भरण्याची मुदत १२ वर्षं, पॉलिसीची मुदत २० वर्षं, मुदतपूर्ती मार्च २०४४. पाच वर्षं कुठेही नाहीत, सातवं वर्षही नाही. पान ६ वरच्या लाभांच्या तक्त्याखाली तुमची ओटीपीने दिलेली संमती आहे. मॅडम काय बोलल्या हे आता तुम्ही आणि त्याच जाणोत. कॉलेजसाठी ठेवलेले पैसे मुलगी २९ वर्षांची झाल्यावर हातात येणार आहेत.

'दुप्पट' मात्र अगदी खोटं नाही, आणि अशा विक्रीत हीच चीड आणणारी गोष्ट असते. बारा हप्त्यांचे १४ लाख ४० हजार भरायचे आणि २०४४ मध्ये २८ लाख घ्यायचे. झाले जवळपास दुप्पट! वर्षाचा परतावा काढला तर साडेचार टक्क्यांच्या जरा वर.

तेव्हा तुमच्यापुढे खरे पर्याय तीन. पहिला, सगळे हप्ते भरत राहणं. दुसरा, ७२ हजार घेऊन बाहेर पडणं. तिसरा तुम्ही विचारलाच नाहीत : हप्ता थांबवून पॉलिसी पेड-अप करणं. अशा योजनांत भरलेल्या हप्त्यांच्या प्रमाणात लाभ उरतो. बारापैकी दोन भरले, म्हणजे २८ लाखांचे साधारण ४ लाख ६५ हजार, तेही २०४४ मध्येच.

सरेंडर आणि पेड-अप शेजारी ठेवून पाहा. आज हातात येणाऱ्या ७२ हजारांचे १८ वर्षांत ४ लाख ६५ हजार करायचे तर वर्षाला जवळपास ११ टक्के परतावा हवा. पेड-अपमध्ये तो हमीने मिळतोय. उलट ते ७२ हजार काढून सहा वर्षं ७ टक्क्यांनी ठेवले तर कॉलेजला एक लाख आठ हजार मिळतील. तेवढ्यासाठी कायमचं नुकसान करून घेऊ नका. विशेष मूल्य दीड लाखाच्या घरात निघालं तर मात्र हा हिशेब उलटतो, म्हणून दोन्ही आकडे लेखी हवेत.

पुढचे हप्ते भरायचे का? उरलेले दहा हप्ते, म्हणजे १२ लाख, भरले तर २०४४ ला जास्तीचे मिळतात सव्वातेवीस लाखांच्या आसपास. परतावा ५ टक्के. तेच पीपीएफमध्ये सध्याच्या ७.१ टक्क्यांनी ३१ लाखांच्या जवळ जातात. पीपीएफचा दर सरकार बदलू शकतं हे खरं, पण एवढा मोठा फरक असताना तिसरा हप्ता मी भरणार नाही.

या आठवड्यात कंपनीच्या ग्राहक सेवेला ईमेल करा. पॉलिसी क्रमांक आणि यूआयएन लिहून भाग ए ते जी अशी पूर्ण पॉलिसी मागा, आणि आजचं सरेंडर मूल्य व पेड-अप लाभ तारखेसह मागा. त्याआधी जुना मेल शोधा. ॲपवरून अनेकदा नुसतं शेड्यूल उतरतं आणि पूर्ण पॉलिसी पासवर्ड घातलेली फाइल म्हणून मेलमध्ये पडून असते. हे पाहणं महत्त्वाचं आहे, कारण पॉलिसी परत करण्याचे ३० दिवस ती मिळाल्यापासून मोजतात. मेल आला असेल तर ते दिवस कधीच संपले. पूर्ण प्रत तुम्हाला कधी पोचलीच नसेल, तर तक्रारीत हाच मुद्दा सगळ्यात वर लिहा : आधी कंपनीकडे, मग विमा लोकपालाकडे. मॅडमचे 'पाच वर्षं' म्हणणारे व्हॉट्सॲप संदेश असतील तर जपून ठेवा. नुसत्या तोंडी बोलण्यावर पान ६ वरची संमती भारी पडेल.

भाग डी आला की पेड-अपचं सूत्र वाचा. काही योजनांत हमीची वाढ पेड-अप झाल्यावर थांबते, मग ४ लाख ६५ हजारांचा आकडा खाली येतो. तसं असेल तर सरेंडरचा हिशेब पुन्हा मांडा. पेड-अप पॉलिसी ठरावीक मुदतीत पुन्हा चालू करता येते, सरेंडर केलेली येत नाही. म्हणून घाई सरेंडरची करू नका.

पेड-अप झाल्यावर १२ लाखांचं विमा संरक्षण २ लाखांवर येईल. आधी टर्म विमा हातात घ्या, मगच हप्ता थांबवा. वार्षिक हप्त्याला ३० दिवसांची सवलत असते, ती त्यासाठी वापरा.

१८ टक्क्यांचा फंड विसरा. सहा वर्षांवर आलेल्या फीचे पैसे त्या आशेवर ठेवायचे नसतात. वाचलेले महिना १० हजार आवर्ती ठेवीत साडेसहा टक्क्यांनी टाकलेत तर २०३२ मध्ये पावणेनऊ लाखांच्या आसपास होतील. व्याजावरचा कर त्यातून जाईल. फी याहून जास्त असेल तर महिन्याची रक्कम वाढवावी लागेल.