वाचनाचा फोटो नसेल, तर उत्तर किती अंकांपर्यंत लिहावे?

“मॅडम, सराव प्रश्नसंच व्हॉट्सॲपवर टाइप होऊन येतो, त्यात उपकरणाचा फोटोच नसतो. माझे गणित बरोबर येते, पण सिग्निफिकंट फिगर्समध्ये, म्हणजे सार्थ अंकांत, गुण जातात. बाबा म्हणतात, मराठी माध्यमातून आल्यामुळे मी कच्ची आहे. खरेच तसे आहे का?”

खानापूर तालुक्यातील ही मुलगी दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकली आणि आता बेळगावात पीयूसीच्या, म्हणजे अकरावी-बारावीच्या, विज्ञान शाखेत आहे. ती वडिलांसोबत भेटायला आली, तेव्हा मी तिला ज्या प्रश्नात गुण गेले होते तो प्रश्नच दाखवण्यास सांगितले, कारण माध्यमाविषयीचा निष्कर्ष काढण्याआधी चूक नेमकी कोठे झाली हे पाहणे आवश्यक होते.

प्रश्न असा होता: अ‍ॅल्युमिनियमच्या तुकड्याचे वस्तुमान १८.३४ ग्रॅम आहे. तो बुडवण्यापूर्वी मोजपात्रातील पाण्याची पातळी २० आणि बुडवल्यानंतर २६.८ मिलिलिटर आहे; तर घनता योग्य सार्थ अंकांत काढा. पर्यायांत २.७ आणि २.७० हे दोन्ही होते. तिने २.७० निवडले, कारण पुस्तकात अ‍ॅल्युमिनियमची घनता तीच दिलेली असते. उत्तरसूचीत मात्र २.७ होते.

मूळ फोटोतील मोजपात्र ५० मिलिलिटरचे होते, हे तिने नंतर वर्गमैत्रिणीकडून मिळवलेल्या छापील प्रतीत दिसले. त्यावर १ मिलिलिटरच्या खुणा होत्या. अशा पात्रावर दोन खुणांमधील पातळीचा अंदाज घेऊन वाचन एका दशांश स्थळापर्यंत लिहितात, म्हणून पहिले वाचन २०.० आणि दुसरे २६.८ होते. टाइप करणाऱ्याने २०.० मधील शेवटचे शून्य निरुपयोगी समजून गाळले असावे; पण पात्र किती बारकाईने वाचले गेले, हे सांगणारा अंक तोच होता.

पुढची पायरी अनेकांकडून निसटते. दोन्ही वाचनांत तीन-तीन सार्थ अंक आहेत, तरी त्यांची वजाबाकी ६.८ येते आणि तिच्यात दोनच उरतात, कारण वजाबाकीत सार्थ अंक मोजत नाहीत, दशांश स्थळे पाहतात. भागाकारात मात्र सर्वांत कमी सार्थ अंक असलेली राशी मर्यादा ठरवते. १८.३४ ला ६.८ ने भागल्यास २.६९७ येते आणि ते २.७ असे लिहावे लागते. आकारमान एका दशांशाने इकडेतिकडे झाले, म्हणजे ६.७ किंवा ६.९ धरले, तर घनता अनुक्रमे २.७४ आणि २.६६ येते, दुसरे दशांश स्थळ इतके हलत असताना तेथे शून्य लिहिणे म्हणजे जे मोजलेच नाही ते मोजल्याचे सांगणे होय. पुस्तकातील २.७० हे अधिक सूक्ष्म मापनाचे फळ आहे, या पात्राचे नव्हे.

आता समजा, पात्र अरुंद असून त्यावर ०.१ मिलिलिटरच्या खुणा असत्या. मग वाचने २०.०० आणि २६.८०, आकारमान ६.८० आणि घनता २.७० झाली असती. आकडेमोड तीच, पण उत्तर वेगळे. म्हणून फोटो आणि खुणांचा उल्लेख दोन्ही नसतील, तर या दोन पर्यायांतील निवड गणिताने होऊ शकत नाही. ही उणीव प्रश्नाची आहे, हे मी वडिलांना स्पष्टपणे सांगितले; मुलीच्या शाळेच्या माध्यमाचा या उणिवेशी काही संबंध नाही.

तिच्या वहीत एक खरी चूक मात्र आढळली. दुसऱ्या एका वेळी तिने वस्तुमान आधीच १८ केले होते. १८ ला ६.८ ने भागल्यास २.६४७ येते आणि पूर्णांकन करून २.६ उरते. वस्तुमान १८.३४ असेच ठेवून भागाकार पूर्ण करावा आणि पूर्णांकन एकदाच, शेवटी करावे, हे तिला लगेच पटले.

लेखी उत्तरासाठी आम्ही तिच्यासाठी एक पद्धत ठरवली. प्रथम उपकरणाचे लघुतम माप प्रश्नात कोठे दिले आहे का ते शोधायचे. मापनाचा आकडा डिजिटल तराजूचा असेल, तर पडद्यावरचा शेवटचा अंकच स्थान ठरवतो, त्यामुळे १८.३४ बाबत फोटोची गरज नाही. मोजपात्राविषयी काहीच नसेल, तर उत्तराच्या वर स्वच्छ वाक्य लिहायचे: “मोजपात्रावर १ मिलिलिटरच्या खुणा आहेत असे गृहीत धरून वाचने २०.० व २६.८ मिलिलिटर घेतली आहेत.” तपासणाऱ्याला त्यावरून विचार दिसतो. केवळ पर्याय निवडायचा असेल, तर अशी सोय नाही. सराव संचात त्या प्रश्नापुढे ‘माहिती अपूर्ण’ अशी खूण करून तो शिक्षकांना दाखवायचा, आणि प्रत्यक्ष परीक्षेत आकृती छापलेली नसेल, तर वेळ न दवडता पर्यवेक्षकांच्या लक्षात आणून द्यायचे.