बोलकं ते लिहितं कसं होतं: वाचकांची प्रश्नोत्तरे

मोबाइलमध्ये बोललं की अक्षरं उमटतात. मशीनला आपला शब्द कळतो तरी कसा? (औसा)

शब्द लगेच कळत नाही, आधी आवाजाचे तुकडे पडतात. साधारण 25 मिलिसेकंदांचा एक तुकडा घ्यायचा, 10 मिलिसेकंद पुढे सरकून दुसरा. त्यामुळे एका सेकंदात शंभरेक तुकडे होतात. प्रत्येक तुकड्यात कुठल्या पट्टीचा आवाज किती आहे ते मोजून ध्वनी-मॉडेल सांगतं, ‘हा त असावा, कदाचित द.’ असावा, एवढंच. छातीठोकपणे ते कधीच सांगत नाही.

तुम्ही विहिरीवर मोटार चालू असताना विचारलंत, “आज तुरीला भाव काय?” द म्हणताना जीभ दाताला टेकलेली असतानाच घशात कंप सुरू होतो, त म्हणताना जीभ सुटल्यावर. मोटारीची घरघरही त्या कंपासारखी खालच्या सुराची. म्हणून समजा ध्वनी-मॉडेलने ‘दुरीला’ला 0.6 आणि ‘तुरीला’ला 0.4 गुण दिले.

आता भाषा-मॉडेलची पाळी. त्याला आवाज ऐकू येत नाही, कुठल्या शब्दाशेजारी कुठला शब्द येतो एवढंच त्याने ढीगभर मजकुरातून शिकलेलं असतं. ‘भाव काय’च्या आधी ‘तुरीला’ येण्याला ते समजा 0.02 देतं, ‘दुरीला’ला 0.0001. गुणाकार करा: 0.4 × 0.02 म्हणजे 0.008, आणि 0.6 × 0.0001 म्हणजे 0.00006. तूर शंभरपटीहून पुढे! अलीकडच्या बऱ्याच यंत्रणांत ही दोन्ही कामं उदाहरणांवरून शिकणाऱ्या एकाच न्यूरल नेटवर्कमध्ये मुरलेली असतात, पण ओढाताण हीच.

बोलत असताना आधी एक शब्द दिसतो, मग आपोआप बदलतो. असं का? (हिंगोली)

मशीन एकाच वेळी अनेक वाक्यं मनात धरून चालतं आणि त्या घडीला पुढे असलेलं दाखवतं. ‘भाव’ ऐकू येईपर्यंत ‘दुरीला’ पुढे असू शकतं.

मी म्हणतो “मी रानात जायलो”, मशीन लिहितं “जायला”. माझा उच्चार चुकतो का? (गेवराई)

नाही हो, तुमचा उच्चार अगदी बरोबर आहे. इथे चूक भाषा-मॉडेलची. ते छापील मराठीवर वाढलेलं असेल, तर त्यात ‘जायला’ हजारदा आणि ‘जायलो’ क्वचितच. कानाने नीट ऐकलेलं ते खोडून टाकतं. तुरीला वाचवणारी तीच सवय इथे आड येते, आणि मला याचं फार वाईट वाटतं, कारण आपली बोली लिहिली गेली नाही म्हणूनच ती पुसली जाते.

दोष कुणाचा ते ताडता येतं. निवांत खोलीत, फोन तोंडाजवळ धरून तेच वाक्य पुन्हा म्हणा. शब्द सुधारला तर गडबड आवाजात होती. दर वेळी तोच छापील शब्द उमटला, तर भाषा-मॉडेलची ओढ समजा. तिथे सावकाश किंवा मोठ्याने बोलून उपयोग नाही. परभणी-बीडकडचं बोलणं रेकॉर्ड करून, ‘जायलो’ला ‘जायलो’च लिहून, ते शिकवणीच्या साठ्यात घालावं लागतं.