मित्राबरोबरच्या भागीदारीत बाहेर पडायचं कलम सगळ्यात आधी लिहा

प्रश्न: मी आणि माझा जवळचा मित्र मिळून धंदा सुरू करतोय. नफ्याची वाटणी, कोणी काय काम करायचं आणि एकाला बाहेर पडायचं झालं तर काय, एवढ्यापुरता करार कसा लिहावा?

उत्तर: तुम्ही ज्या क्रमाने विचारलंय, त्याच्या उलट्या क्रमाने लिहायला बसा. आमचा करार होता. सव्वादोन पानांचा, दोघांच्या सह्यांचा. आणि त्यातल्या बाहेर पडण्याच्या चार ओळींनीच मला बुडवलं.

ते कलम कुठून तरी उचललेलं होतं. भागीदारी मोडायची वेळ आली तर एकाने अर्ध्या हिश्श्याची किंमत सांगायची. मग दुसऱ्याने 15 दिवसांत ठरवायचं, त्या किमतीला आपला हिस्सा विकायचा की समोरच्याचा विकत घ्यायचा. एकाने भाकरी मोडायची आणि दुसऱ्याने तुकडा निवडायचा, असा तो न्याय. वाचताना इतकं चोख वाटलं की आम्ही एकमेकांना टाळी दिली होती.

पाच वर्षांनी आमचं बिनसलं. मित्राने किंमत सांगितली, 5 लाख. आता हिशेब बघा. माझ्या भांडवल खात्यात तेव्हा 3 लाख शिल्लक होते. त्याच्या खात्यातही साधारण तेवढेच, कारण सुरुवातीला त्याने 6 आणि मी 2 घातले असले तरी मधल्या काळात त्याची उचल दांडगी होती. मागच्या तीन वर्षांचा नफा, पगार वजा जाता, 5, 5 आणि 8 लाख. सरासरी 6. आमच्यासारख्या छोट्या धंद्याला गुडविल, म्हणजे जमलेल्या नावाची किंमत, म्हणून दोन वर्षांची सरासरी धरली तरी 12 होतात, त्यातले अर्धे 6. म्हणजे माझा हिस्सा 9 लाखांचा, आणि त्याने सांगितले 5.

तुम्ही म्हणाल, मग त्याचाच हिस्सा 5 लाखांना घेऊन टाकायचा होता! हेच मला सगळे म्हणाले. पण 15 दिवसांत 5 लाख रोख आणायचे कुठून? मी पाच वर्षं पगारावर आणि नफ्यावर जगत होतो, घरात दुसरी कमाई नव्हती. त्याच्याकडे घरचा पैसा होता आणि माझ्याकडे नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. किंमत त्याने धंद्याची नाही, माझ्या खिशाची लावली. दोघांची ऐपत सारखी असेल तरच हे कलम न्यायाचं. नसेल तर ते श्रीमंत भागीदाराच्या हातातलं हत्यार आहे.

म्हणून तुम्ही किंमत काढायची रीत आजच लिहून ठेवा, रक्कम नको. भांडवल खात्यातली शिल्लक, अधिक तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या अमुक पटीतला आपला वाटा. दीडपट, दुप्पट जे काय असेल ते आत्ताच ठरवा. कोण विकणार आणि कोण घेणार हे आज कुणालाच माहीत नाही, म्हणून आजचा आकडा त्यातल्या त्यात प्रामाणिक निघतो. तीन महिन्यांची लेखी नोटीस ठेवा आणि हिशेब नोटीस संपेल त्या महिनाअखेरचा धरा. घेणाऱ्याने चौथा हिस्सा ताबडतोब द्यायचा, उरलेलं दोन वर्षांत हप्त्यांनी, व्याजासकट. हप्ते नसतील तर गरीब भागीदार कधीच घेणारा होऊ शकत नाही. शिवाय राहणाऱ्याने सगळे पैसे धंद्यातून एकदम काढून दिले तर धंद्याचं खेळतं भांडवलच आटतं.

करारात काही लिहिलेलं नसेल तर कायदा आपलं उत्तर देतो. इंग्लंडचा 1890 चा कायदा असो की भारताचा 1932 चा, दोन्हींत वेगळं ठरलेलं नसेल तर नफा समसमान वाटला जातो, भांडवल कुणाचंही कितीही असो. आणि काम करणाऱ्याला वेगळा मोबदला मिळत नाही.

यावरून नफ्याच्या वाटणीकडे येतो. आम्ही ‘निम्मं निम्मं’ लिहून मोकळे झालो. दुसऱ्या वर्षापासून तो आठवड्यातून दोनदा यायचा, चहा प्यायचा, फोन फिरवायचा. सगळं काम माझ्यावर. मी म्हणालो, आधी कामाचा पगार काढू आणि मग उरलेलं वाटू. तो म्हणाला, “अरे, मित्र आहोत आपण, पगार कसला मागतोस?” वर्षभर भांडल्यावर पगार सुरू झाला, पण त्यानंतर त्याने कधी मनापासून हात मिळवला नाही. आजही सांगतो, पगार ही कामाची किंमत आहे, व्याज ही पैशाची, आणि नफा ही जोखमीची. तिन्ही एका ‘निम्म्या’त कोंबले की कुणीतरी नागवला जाणारच.

समजा वर्षाची मिळकत 12 लाख आहे. काम करणाऱ्याचा पगार 4 लाख. भांडवलावर 10 टक्के व्याज, म्हणजे 6 लाखवाल्याला 60 हजार आणि 2 लाखवाल्याला 20 हजार. उरले 7 लाख 20 हजार, ते निम्मे निम्मे. काम करणाऱ्याच्या हाती 7 लाख 80 हजार येतात आणि पैसेवाल्याच्या 4 लाख 20 हजार. पैसेवाला उद्यापासून पूर्ण वेळ येऊ लागला तर त्यालाही पगार लागू होतो. भांडण मिटलं. दरमहा उचल किती करायची याची मर्यादाही इथेच घाला.

कामांचं फार लांबवू नका. कोण किती वेळ देणार, बँकेत सही कुणाची, आणि किती रकमेच्या वरचा खर्च किंवा कर्ज दोघांच्या सहीशिवाय करायचं नाही, एवढं पुरे. ‘दोघे मिळून सगळं पाहतील’ असं वाक्य असेल तर खोडा.

एक राहिलं. मी बाहेर पडल्यावर पाचव्या महिन्यात एका माल देणाऱ्याने माझ्याच दारात येऊन बिल ठेवलं. माल मी गेल्यानंतरचा होता. पण मी गेलोय हे त्याला कुणी कळवलंच नव्हतं, त्याच्या लेखी मी भागीदारच. तेव्हा व्यवहारातल्या प्रत्येकाला लेखी कळवणं, जाहीर नोटीस देणं आणि बँकेतली सही काढणं, हे सगळं कुणी किती दिवसांत करायचं ते कलमात घाला. आधीच्या देण्यांतून मात्र नोटिशीने सुटका होत नाही, आणि कर्जाला तुम्ही वैयक्तिक हमी दिली असेल तर ती बँकेने लेखी सोडेपर्यंत गळ्यात राहते.

करार वकिलाला दाखवा, नोंदणी आणि कराच्या गोष्टी जागेप्रमाणे बदलतात. आणि हो, पहिली दोन वर्षं उचलीच्या नोंदी मीही नीट ठेवल्या नव्हत्या. तो अजून लोकांना तेच सांगत फिरतो, आणि त्यात तथ्य आहे. पण 9 चे 5 त्यामुळे झाले नाहीत.