20 तारखेपर्यंत म्हणजे 20 धरून?

प्रश्न: "अनुवादकाला करारनामा सहीसाठी पाठवताना वर मुख्य अटी थोडक्यात देतो आणि शेवटी '20 तारखेपर्यंत सही करून परत पाठवावा' असं लिहितो. यात 20 तारीख धरायची का? 'पूर्वी' किंवा 'आत' जास्त बरोबर का? आणि वरच्या मजकुराला सारांश म्हणावं की गोषवारा?"

हो, 20 धरायची. 'सोमवारपर्यंत सुट्टी आहे' म्हटल्यावर सोमवारी कुणी शाळेत जात नाही. शंका येते ती जागेच्या वापरामुळे. 'दारापर्यंत आला' म्हणजे आत आला नाही, आणि 'पाच वाजेपर्यंत' यात पाचचा ठोका हीच हद्द. पण दिवस हा क्षण नव्हे, त्याला लांबी आहे. म्हणून तारखेला 'पर्यंत' लागला की तो अख्खा दिवस आत येतो. '20 तारखेपूर्वी' म्हटलंत तर 19 हा शेवटचा दिवस. 'आत' मात्र कालावधीला शोभतो: 'दहा दिवसांच्या आत'. '20 तारखेच्या आत' असं बोलताना आपण सर्रास म्हणतो, पण त्यात 20 मोजायची की नाही यावर दोन माणसांचं एकमत होईलच असं नाही. करारासोबतच्या पत्रात तो टाळावा.

'आठ दिवसांत परत करा' हेही टाळा. मराठीत आठ दिवस म्हणजे बहुधा एक आठवडा, म्हणजे सातच. पंधरा दिवस म्हणजे दोन आठवडे, म्हणजे चौदा. शिवाय मोजायचं कधीपासून, पत्राच्या तारखेपासून की पत्र हातात पडल्यापासून? वार आणि तारीख दोन्ही लिहिली की हा घोळ राहत नाही.

पण तुमच्या वाक्यातली खरी अडचण 'पर्यंत'मध्ये नाही, 'पाठवावा'मध्ये आहे. मी एकदा असंच पत्र वाचून 20 तारखेला दुपारी करारनामा स्पीड पोस्टाने रवाना केला. तो 23 तारखेला पोहोचला आणि प्रकाशकाने उशीर झाल्याचं कळवलं. मी 'पाठवावा' अक्षरशः पाळलं होतं, त्यांच्या मनात 'मिळावा' होतं. भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 4 मध्येही हा भेद आहे: स्वीकृती पाठवणाऱ्याच्या हातातून सुटून मार्गस्थ झाली की प्रस्ताव करणारा बांधला जातो, पण पाठवणारा स्वतः बांधला जातो तो ती समोरच्याला कळल्यावर. तेव्हा तुम्हाला कागद टेबलावर हवा असेल तर 'पोहोचेल अशा बेताने' हे शब्द घाला.

आता गोषवारा. सारांश म्हणजे एखाद्या मजकुराचं सार स्वतःच्या शब्दांत. तो कथेचा, भाषणाचा असतो. गोषवारा हा फारसीतून आलेला, हिशेबाच्या वहीतला शब्द: जमाखर्चाचा गोषवारा, म्हणजे तपशिलातून उचललेल्या ठळक नोंदी. रक्कम, मुदत, हक्क यांची नोंद द्यायची असल्याने इथे तोच नेमका बसतो. जड वाटला तर 'मुख्य अटी थोडक्यात' हे साधं शीर्षकही उत्तम.

एक शब्द मात्र जपून वापरा: 'मुदत'. गोषवाऱ्यात 'मुदत 5 वर्षे' आणि खाली 'मुदत 20 मार्च' असं आलं तर वाचणारा थबकतो. हक्कांसाठी 'कालावधी' लिहा, परतीसाठी नुसती तारीख. आणि हक्कांचा कालावधी व प्रदेश गोषवाऱ्यात हवेतच. हक्क लेखी सोपवताना करारनाम्यात ते लिहायचे राहिले, तर कॉपीराइट अधिनियम, 1957 च्या कलम 19 नुसार कालावधी 5 वर्षे आणि प्रदेश भारत असं धरलं जातं, आणि ते तुम्हा दोघांना अपेक्षित असेलच असं नाही.

मी पत्र असं लिहीन:

"सोबत करारनाम्याच्या दोन प्रती पाठवत आहोत. मुख्य अटी थोडक्यात: मराठी अनुवादाचे छापील व ई-पुस्तकाचे हक्क, कालावधी 7 वर्षे, प्रदेश भारत, मानधन 40,000 रुपये, निम्मे सहीनंतर व निम्मे हस्तलिखित मिळाल्यावर, हस्तलिखित 31 ऑगस्ट 2026 पर्यंत द्यावे. हा गोषवारा वाचनाच्या सोयीसाठी आहे. फरक आढळल्यास करारनाम्यातील मजकूर ग्राह्य धरावा. दोन्ही प्रतींवर सही करून एक प्रत आपल्याकडे ठेवावी व दुसरी शुक्रवार, 20 मार्च 2026 रोजी संध्याकाळी 5 वाजेपर्यंत आमच्या कार्यालयात पोहोचेल अशा बेताने पाठवावी."

'करारनामा' तुम्ही योग्यच लिहिलात. करार दोघांत होतो. पाकिटात घालून पाठवता येतो तो करारनामा.